खरेदीखत (कोम्प्रावेंदिता): तोरिनो येथील सदनिका, इटालियनमधून मराठी भाषांतर

भाषांतराचा आधार: नोंदणी झालेल्या दस्ताची नोताइओने साक्षांकित केलेली नक्कल, मूळ भाषा इटालियन. वापर: खरेदीदाराच्या कोल्हापुरातील वकिलांना मृत्युपत्राचा मसुदा करताना मिळकतीचे वर्णन व हक्क नेमके कळावेत यासाठी. अर्थाबाबत वाद झाल्यास इटालियन पाठच प्रमाण. चौकटी कंसातला मजकूर भाषांतरकाराचा आहे, दस्ताचा नाही.

[आपल्याकडच्या खरेदीखतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ स्वतः बोलतात. इथे बोलतो तो नोताइओ. पक्षकार त्याच्यासमोर येऊन सांगतात, तो ते आपल्या शब्दांत नोंदवतो. त्यामुळे ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे’ हा परिचित साचा मोह पडूनही वापरलेला नाही. तो वापरला की ‘मी’ कोण हेच बदलते. ‘नोताइओ’साठी ‘नोटरी’ हा शब्दही टाळला आहे. आपला नोटरी मुख्यतः सही-शिक्का करून साक्षांकन करतो. नोताइओ हा सरकारी अधिकार असलेला कायदेतज्ज्ञ असतो: तो दस्त स्वतः घडवतो, बोजे तपासतो, कर भरून घेतो आणि नोंदणी करतो.]

इटालियन प्रजासत्ताक

रेपेर्तोरिओ क्र. १८४०२, राक्कोल्ता क्र. ९७१५

[पहिला क्रमांक नोताइओच्या सर्व कामांच्या अनुक्रमनोंदीतला, दुसरा त्याने जपून ठेवलेल्या मूळ दस्तांच्या संचिकेतला. दोन्हींना ‘दस्त क्रमांक’ म्हटले तर नक्कल मागवताना घोळ होतो.]

खरेदी-विक्रीचा दस्त

सन दोन हजार तेवीस, मार्च महिन्याचा चौदावा दिवस, तोरिनो येथे, कोर्सो फ्रान्चा येथील माझ्या कार्यालयात,

माझ्यासमोर, म्हणजे डॉ. रिक्कार्दो सोलेरिओ, तोरिनो येथील नोताइओ, तोरिनो व पिनेरोलो संयुक्त जिल्ह्यांच्या नोताइओ मंडळात नोंद असलेला, यांच्यासमोर उपस्थित झाले:

विक्रेते पक्ष म्हणून:

श्री. बोनिनो पिएत्रो, जन्म कूनेओ येथे ३ फेब्रुवारी १९५१ रोजी, करसंकेतांक BNNPTR51B03D205R, आणि

श्रीमती गार्नेरो लुचीया, जन्म तोरिनो येथे २१ सप्टेंबर १९५४ रोजी, करसंकेतांक GRNLCU54P61L219W;

दोघेही राहणार तोरिनो, परस्परांचे पती-पत्नी, आणि त्यांच्या निवेदनानुसार मालमत्तेच्या कायदेशीर सामायिक व्यवस्थेत;

खरेदीदार पक्ष म्हणून:

श्रीमती कुलकर्णी मृणाल संजय, जन्म भारतात १२ मे १९८६ रोजी, राहणार तोरिनो, करसंकेतांक KLKMNL86E52Z222J, भारतीय नागरिक, युरोपीय संघाच्या दीर्घकालीन वास्तव्य परवान्याच्या धारक, इटालियन भाषा जाणत असल्याचे सांगतात. विवाहित, आणि पती-पत्नीच्या मालमत्ता स्वतंत्र असण्याच्या व्यवस्थेत, दोघांच्या समान राष्ट्रीय कायद्यानुसार.

[या वाक्यात तीन जागा निसरड्या आहेत. एक, मूळ शब्द ‘सेपरात्सिओने देइ बेनी’. ‘सेपरात्सिओने’ पाहून कोणी ‘विभक्त’ लिहिले तर पती-पत्नी वेगळे राहतात असा अर्थ निघतो आणि मृत्युपत्रात नको ते प्रश्न उभे राहतात. इथे मालमत्ता वेगवेगळ्या आहेत, माणसे नाहीत. विक्रेत्यांचे उलट आहे: सामायिक व्यवस्थेत घेतलेले घर दोघांचे, म्हणून दोघांच्याही सह्या लागतात. इटलीत १९७५ च्या कुटुंब कायद्यापासून, वेगळे ठरवले नसेल तर, सामायिक व्यवस्थाच लागू होते. दोन, ‘संजय’ हे वडिलांचे नाव. पासपोर्टात ते नावाच्या रकान्यात असल्याने इटालियन दस्तात ते तिच्याच नावाचा भाग झाले आहे. भारतातल्या कागदांवर नवऱ्याचे नाव असेल तर मृत्युपत्रात ‘उर्फ’ जोडावे. तीन, करसंकेतांक लिप्यंतरित करू नये, अक्षरशः उतरवावा. तो उतरवताना चूक झाली का, हे त्यातूनच कळते: 86 म्हणजे वर्ष, E म्हणजे मे, स्त्रियांच्या जन्मतारखेत ४० मिळवतात म्हणून 52 म्हणजे १२, Z222 म्हणजे भारत. शेवटचे अक्षर पडताळणीचे.]

या उपस्थितांच्या ओळखीची मला, नोताइओला, खात्री आहे. ते पुढीलप्रमाणे करार करतात व ठरवतात.

कलम १. संमती व विषय

श्री. बोनिनो पिएत्रो व श्रीमती गार्नेरो लुचीया, प्रत्येकी आपल्या हक्कापुरते आणि दोघे मिळून संपूर्णपणे, विकतात व हस्तांतरित करतात श्रीमती कुलकर्णी मृणाल संजय यांना, ज्या स्वीकारतात व विकत घेतात, तोरिनो महापालिका हद्दीतील वीआ नीत्सा १८७ या इमारतीतील पुढील मिळकतीची पूर्ण मालकी:

तिसऱ्या मजल्यावरील (जमिनीच्या वर चौथ्या) सदनिका: प्रवेशिका, दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्नानगृह व दोन सज्जे, तसेच तळघरातील एक साठवणखोली (कान्तीना).

चतुःसीमा: वीआ नीत्सा, जिन्याची जागा, त्याच मजल्यावरील दुसऱ्या मालकाची सदनिका, सामायिक अंगण.

[‘चतुःसीमा’ हा पर्याय घेतला, कारण मराठी वकील तोच शब्द शोधतो. मूळ शब्द ‘कोएरेन्त्से’. पिएमोन्तेत तो रूढ आहे, अन्यत्र बहुधा ‘कोनफीनी’ भेटतो. मूळात पूर्व-पश्चिम दिलेले नाही, म्हणून दिशा घातल्या नाहीत. कंसातले ‘जमिनीच्या वर चौथ्या’ ही पुनरुक्ती नाही: तळमजला धरून मोजले की चौथा. दोन्ही आकडे ठेवावेत.]

इमारत-भूमापन नोंदीत (कातास्तो फाब्ब्रिकाती) वर्णन: पत्रक १२९४, तुकडा ८७, उपविभाग १४, मूल्यक्षेत्र २, वर्ग अ/३, श्रेणी ३, वानी ४.५, एकूण भूमापन क्षेत्रफळ ७८ चौ. मी., भूमापन उत्पन्न ५८१.०१ युरो.

[‘वानी’ म्हणजे खोल्या नव्हेत. स्नानगृह, प्रवेशिका अशा उपजागा अंशाने धरतात, म्हणून ४.५. हे ‘साडेचार खोल्या’ असे उतरले तर वर दिलेल्या वर्णनाशी विसंगती दिसते. अ/३ चे अधिकृत नाव ‘अबितात्सिओनी दी तिपो एकोनोमिको’; ती साध्या बांधणीच्या घरांची करश्रेणी आहे, सरकारी अल्प-उत्पन्न गटाची घरे नव्हेत. ‘रेंदिता’ हे करासाठी ठरवलेले उत्पन्न आहे; प्रत्यक्ष भाड्याशी संबंध नाही.]

२७ फेब्रुवारी १९८५ च्या कायदा क्र. ५२ च्या कलम २९, परिच्छेद १-बिस नुसार विक्रेते सांगतात, आणि खरेदीदार मान्य करतात, की भूमापन नोंदी व दाखल केलेला नकाशा प्रत्यक्ष स्थितीशी जुळतात. नकाशा जोडपत्र ‘अ’ म्हणून जोडला आहे.

[हे विधान गाळले तर दस्त रद्दबातल ठरतो, लांबलचक वाटले तरी आवळू नये.]

कलम २. विक्रीचे स्वरूप

विक्री ठोक आहे, मापावर नाही (आ कोर्पो ए नोन आ मीझुरा). मिळकत आज ज्या प्रत्यक्ष व कायदेशीर स्थितीत आहे त्या स्थितीत, सर्व संलग्न व अनुषंगिक वस्तू, वहिवाट, हक्क, दावे, कारणे, भर, उपांगे, अनुकूल व प्रतिकूल सुखाधिकार यांसह, तसेच इमारतीच्या सामायिक भागांतील प्रमाणशीर हिश्श्यासह.

[‘ठोक’ म्हणजे ७८ चौ. मी. हा आकडा किमतीचा पाया नाही. नागरी संहितेच्या कलम १५३८ नुसार प्रत्यक्ष माप नोंदीपेक्षा एक-विसांशाहून अधिक कमी-जास्त निघाले तरच किमतीचा प्रश्न येतो. शब्दांची ती लांब माळ साचेबंद आहे, ‘झाडझाडोरा, निधीनिक्षेप’ सारखी. तरी एकही शब्द गाळलेला नाही. मराठी साचा इथे बसवला असता तर जमिनीतल्या धनासारखे नसलेले हक्क दस्तात घुसले असते.]

कलम ३. पूर्वहक्क

मिळकत विक्रेत्यांकडे १९८३ साली तोरिनो येथे झालेल्या खरेदी-विक्रीच्या दस्ताने आली. तो तोरिनो १ च्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत नोंदला आहे.

कलम ४. किंमत व भरणा

किंमत एकूण १,४८,००० (एक लाख अठ्ठेचाळीस हजार) युरो ठरली आहे. पक्षकार, खोट्या निवेदनाच्या फौजदारी परिणामांची जाणीव असताना, २८ डिसेंबर २००० च्या राष्ट्राध्यक्षीय आदेश क्र. ४४५ नुसार सांगतात की:

१५,००० युरो इसार म्हणून यापूर्वी बँक हस्तांतरणाने दिले आहेत. उरलेले १,३३,००० युरो आज, अहस्तांतरणीय अशा दोन बँक धनाकर्षांनी (अस्सेन्यो चिर्कोलारे) दिले आहेत, ज्यांच्या छायाप्रती जोडपत्र ‘ब’ मध्ये आहेत. आणि या व्यवहारात कोणत्याही मध्यस्थाची सेवा घेतलेली नाही.

विक्रेते संपूर्ण व अखेरची पोच देतात, आणि कायदेशीर गहाणाचा हक्क सोडतात.

[मूळात ‘148.000,00’ आहे. इटालियनमध्ये टिंब हजाराचे आणि स्वल्पविराम दशांशाचा. घाईत ‘१४८’ लिहिले गेल्यास आकडा हजारपट घसरतो. शब्दांतल्या रकमेशी ताडून पाहावे. ‘काप्पार्रा कोन्फिर्मातोरिआ’साठी ‘इसार’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे: देणारा फिरला तर इसार जातो, घेणारा फिरला तर दुप्पट परत करावा लागतो (कलम १३८५). ‘अक्कोन्तो’ असते तर नुसता ‘अग्रिम’ म्हटले असते. शेवटच्या वाक्यातील गहाण म्हणजे बाकी किमतीसाठी विक्रेत्याला कायद्यानेच मिळणारा हक्क. पैसे पूर्ण मिळाल्याने तो सोडला आहे. मिळकत गहाण होती, असा अर्थ काढू नये.]

कलम ५. हमी

विक्रेते हमी देतात की मिळकत त्यांच्या पूर्ण व अनन्य मालकीची असून तिच्यावर गहाण, जप्ती, बोजा, तिसऱ्या पक्षाचे अग्रहक्क वा हानिकारक नोंदी नाहीत. आणि मालकीहक्कात खोट निघून तिसऱ्याने मिळकत हिरावून घेतल्यास (एविक्त्सिओने) ते जबाबदार राहतील.

कलम ६. बांधकाम व ऊर्जा

विक्रेते सांगतात की इमारतीचे बांधकाम १ सप्टेंबर १९६७ पूर्वी सुरू झाले, आणि त्यानंतर परवानगीची गरज असलेले कोणतेही काम झालेले नाही.

[ही तारीख सोयीने निवडलेली नाही. ६ ऑगस्ट १९६७ चा कायदा क्र. ७६५ त्या दिवशी लागू झाला आणि बांधकाम परवान्याची सक्ती व्यापक झाली. म्हणून त्याआधीच्या इमारतींना परवान्याचा क्रमांक देण्याऐवजी हे निवेदन पुरते.]

ऊर्जा कार्यक्षमता प्रमाणपत्र, वर्ग ‘फ’, जोडपत्र ‘क’ म्हणून जोडले आहे. त्याची माहिती मिळाल्याचे खरेदीदार मान्य करतात.

कलम ७. ताबा व सामायिक खर्च

खरेदीदारास आजपासून कायदेशीर व प्रत्यक्ष ताबा दिला आहे. लाभ व भार आजपासून त्यांचे. इमारतीचे सामायिक नियम (कोन्दोमीनिओ) त्या मान्य करतात. चालू व मागील वर्षाच्या सामायिक खर्चाची बाकी नसल्याचे विक्रेते सांगतात.

[हे निवेदन औपचारिक नाही. त्या दोन वर्षांच्या बाकीसाठी नवा मालकही विक्रेत्याबरोबर जबाबदार धरला जातो.]

कलम ८. कर

खरेदीदार ‘पहिल्या घरा’ची (प्रीमा काझा) सवलत मागतात आणि सांगतात की: त्या तोरिनो महापालिकेत राहतात, याच हद्दीत दुसरे राहते घर त्यांच्या एकटीच्या किंवा पतीसह मालकीचे नाही, या सवलतीने घेतलेले दुसरे घर इटलीत कोठेही त्यांच्याकडे नाही. पाच वर्षांच्या आत विकल्यास व एका वर्षात दुसरे घर न घेतल्यास सवलत जाऊन फरक, व्याज व दंड द्यावा लागेल, याची त्यांना जाणीव आहे.

२३ डिसेंबर २००५ च्या कायदा क्र. २६६ च्या कलम १, परिच्छेद ४९७ नुसार करपात्र मूल्य किमतीवर नव्हे तर भूमापन उत्पन्नावर धरावे अशी त्यांची विनंती आहे: ५८१.०१ × ११५.५ = ६७,१०६.६६ युरो.

[दस्तात दोन रकमा असणे संशयास्पद नाही. खरी किंमत कलम ४ मधलीच. इथला आकडा केवळ २ टक्के नोंदणी कराचा पाया. मृत्युपत्रात घराचे मूल्य लिहायचे झाल्यास ६७,१०६ लिहू नये.]

या दस्ताचा व त्यापुढील सर्व खर्च खरेदीदारावर.

पक्षकारांनी मला जोडपत्रे वाचून दाखवण्यातून मोकळे केले आहे.

हा दस्त, काही भाग माझ्या विश्वासातील व्यक्तीने संगणकावर आणि काही भाग मी स्वहस्ते लिहिलेला, तीन फोल्यांच्या दहा पूर्ण बाजूंवर आणि अकराव्या बाजूच्या इथपर्यंत, मी पक्षकारांना वाचून दाखवला. तो त्यांना मान्य असून ते माझ्यासोबत सही करतात, वेळ सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे.

[‘फोल्यो’ म्हणजे मधोमध दुमडलेला ताव, चार बाजूंचा. ‘तीन पाने’ लिहिले तर पुढे ‘अकरावी बाजू’ कुठून आली हे कळत नाही.]

मूळ दस्तावर सही: बोनिनो पिएत्रो, गार्नेरो लुचीया, कुलकर्णी मृणाल संजय, रिक्कार्दो सोलेरिओ, नोताइओ (शिक्का).

[नकलेत नावांआधी ‘F.to’ छापले आहे. ते ‘फिर्मातो’चे, म्हणजे ‘सही केली’चे, संक्षिप्त रूप आहे, आडनाव नव्हे. नकलेवर हस्ताक्षरे नसणे ही उणीव नाही. मूळ दस्त नोताइओच्या संचिकेतच राहतो. शिक्क्यातील मजकूर वाचता येतो, पण कडेची दोन अक्षरे पुसट आहेत. ती अंदाजाने भरलेली नाहीत.]