खजुराचे भाव रुपयांत नव्याने कळवण्याबाबत

ढोबळे ब्रदर्स
सुकामेव्याचे घाऊक व्यापारी
इतवारी, नागपूर
दि. ८ डिसेंबर २०२५

प्रति,
श्री. जोशी साहेब,
निर्यात व्यवस्थापक, देरा, दुबई

विषय : खलास व सफावी खजुराचे भाव रुपयांत नव्याने मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आपले ३ डिसेंबरचे कोटेशन मिळाले. खलास १० किलोच्या पेटीत, न्हावा शेवा पोच, किलोला १.६० डॉलर. मालाबद्दल आणि या भावाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. अडचण डॉलरची आहे, म्हणून हेच कोटेशन रुपयांत द्यावे ही विनंती.

या वर्षातला हिशेब आपल्यासमोर ठेवतो. मे महिन्यात कंटेनर ठरला तेव्हा बँकेचा दर ८४.६० होता आणि ऑगस्टमध्ये पैसे भरताना ८७.९० झाला. २४ टनांचे ३८,४०० डॉलर, म्हणजे १,२६,७२० रुपये जास्त गेले. सप्टेंबरचा कंटेनर ८८.२० ला ठरला आणि गेल्या आठवड्यात ९०.३० ने चुकता केला. त्यात आणखी ८०,६४० गेले. घाऊकात आम्हाला किलोमागे ८ ते १० रुपये सुटतात. पहिल्या कंटेनरला त्यातले सव्वापाच आणि दुसऱ्याला साडेतीनच्या आसपास दरातच गेले.

रुपया वधारला तरी सुटका नसते. फेब्रुवारीत ८७.७० ने पैसे भरलेला माल गोदामात पडून होता, आणि मेमध्ये ज्यांचा माल स्वस्त डॉलरने आला त्यांनी इतवारीत किलोला ५ रुपये भाव पाडला. आम्हाला त्याच भावाने माल काढावा लागला. शिवाय एकाच मालाला तीन दर लागतात : सौदा ठरतो त्या दिवशीचा, बिल ऑफ एंट्री भरताना कस्टम्सने जाहीर केलेला आणि पैसे पाठवतानाचा. गिऱ्हाइकाला भाव कोणत्या दराने सांगायचा, हे आम्हाला शेवटपर्यंत कळत नाही.

फोनवर आपण दिरहॅममध्ये कोटेशन देण्याचे सुचवले होते. पण दिरहॅम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, त्यामुळे हेलकावे तेच राहतील. बँकेकडे फॉरवर्ड कव्हर घेऊन पाहिले. माल आठ-दहा दिवस लांबला की करार पुढे ढकलावा लागतो आणि त्याचा खर्च पुन्हा किलोवर येतो.

आमचा प्रस्ताव असा. ९० चा दर पायाभूत धरला तर १.६० डॉलरचे १४४ रुपये होतात. आपली जोखीम म्हणून त्यावर दीड रुपया देतो. खलास किलोला १४५.५० रुपये, न्हावा शेवा पोच, बिल ऑफ लेडिंगपासून ६० दिवसांनी पैसे. पैसे भरण्याच्या दिवशी एफबीआयएलचा डॉलरचा संदर्भ दर ८८.२० ते ९१.८० मध्ये असेल तर भावात बदल नाही. त्याबाहेर गेला तर फक्त वरचा किंवा खालचा फरक निम्मा-निम्मा. उदाहरणार्थ दर ९३ झाला, तर १.२० च्या फरकातले ६० पैसे आमचे, म्हणजे किलोला ९६ पैसे आम्ही वाढवून देऊ. दर ८८.२० च्या खाली गेला तर याच हिशेबाने भाव उतरवावा. सफावीचा भावही याच पद्धतीने कळवावा.

रुपये घेऊन काय करायचे, हा आपला प्रश्न रास्त आहे. आपण दरमहा भारतातून तांदूळ उचलता, ते पैसे यातूनच देता येतील. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये रुपयांत व्यवहाराची सोय केली आहे आणि जुलै २०२३ मध्ये अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेशी स्थानिक चलनांबाबत करारही झाला आहे. आपल्या बँकेचे भारतातल्या कोणत्या बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खाते आहे, तेवढे आधी विचारून घ्यावे. खाते नसेल तर भाव रुपयांतच ठरवू आणि त्या दिवशीच्या दराने दिरहॅम पाठवू. वरची मर्यादा त्यालाही लागू राहील.

कागदांत एक काळजी घ्यावी. खाते असेल तर प्रोफॉर्मा, कमर्शियल इन्व्हॉइस आणि विमा, तिन्हींवर चलन रुपयाच हवे. एखाद्या कागदावर डॉलर राहिला तर बँक पैसे पाठवताना अडवते आणि आयडीपीएमएसमध्ये नोंद उघडी राहते. दिरहॅम पाठवायचे ठरले तर इन्व्हॉइसवर काय लिहायचे, ते आधी दोन्ही बँकांना विचारूनच ठरवू.

रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लागेल. मोमीनपुऱ्यातले किरकोळ व्यापारी जानेवारीअखेरीस माल उचलू लागतात. न्हावा शेवाहून रेल्वेने नागपूरच्या आयसीडीत येणे, एफएसएसएआयचा नमुना, कस्टम्स हे सगळे धरता जेबेल अलीहून ५ जानेवारीपर्यंत जहाज सुटायलाच हवे. म्हणून १५ डिसेंबरपर्यंत रुपयांतले कोटेशन ३० दिवसांच्या मुदतीसह पाठवावे. ते येताच २,४०० पेट्यांची ऑर्डर पक्की करतो.

आपला,
विनायक ढोबळे
भागीदार, ढोबळे ब्रदर्स