राष्ट्रीय विज्ञान ऑलिंपियाडसाठी रजा मिळणेबाबत अर्ज

दि. 20 जानेवारी 2025

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
राजारामपुरी, कोल्हापूर

विषय : ऑलिंपियाड परीक्षेसाठी रजा व सोबत शिक्षिका मिळणेबाबत

महोदय,

मी सानिका जाधव, इयत्ता 9 वी ‘ब’. नोव्हेंबरमध्ये दिलेल्या एनएसईजेएस परीक्षेतून माझी पुढच्या टप्प्यासाठी, म्हणजे राष्ट्रीय कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडसाठी निवड झाली आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातर्फे ही परीक्षा शनिवार, 1 फेब्रुवारीला असून मला पुणे केंद्र मिळाले आहे. तरी 31 जानेवारी आणि 1 फेब्रुवारी अशी दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती.

सध्या उसाचा हंगाम आहे. बाबांना गुऱ्हाळ सोडून येता येत नाही, आईला आजीजवळ थांबावे लागते. विज्ञानाच्या पाटील मॅडम सोबत यायला तयार आहेत, पण त्यांचेही तास बुडणार, म्हणून त्यांनाही आपली परवानगी हवी. शुक्रवारी सकाळच्या एसटीने निघून आम्ही पुण्यात माझ्या मावशीकडे मुक्काम करू आणि रविवारी परत येऊ. दोघींचा प्रवासखर्च बाबा करणार आहेत.

शुक्रवारी गणिताची घटक चाचणी आहे. ती मी सोमवारी देऊ शकेन का? आधी घेतली तरी चालेल, उलट तेच बरे. बुडालेला अभ्यास मैत्रिणींच्या वह्यांवरून पूर्ण करीन.

प्रवेशपत्राची प्रत व बाबांचे संमतीपत्र जोडले आहे.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
सानिका जाधव