नव्या अभियांत्रिकी संज्ञांना अधिकृत मराठी पर्याय मिळण्याबाबत

दिनांक : 12 जानेवारी 2026
पुणे

प्रति,
मा. भाषा संचालक,
भाषा संचालनालय, महाराष्ट्र शासन,
मुंबई

विषय : यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या पाठ्यपुस्तकासाठी नव्या संज्ञांचे अधिकृत मराठी पर्याय मिळण्याबाबत.

महोदय,

विद्युत वाहने, त्रिमितीय छपाई आणि औद्योगिक रोबो या तीन प्रकरणांचा इंग्रजीतून मराठी अनुवाद सध्या माझ्याकडे आहे. जुन्या संज्ञांसाठी संचालनालयाचे परिभाषा कोश मी रोज उघडते आणि त्यांवर माझे काम चालते. अडचण गेल्या काही वर्षांत रूढ झालेल्या संज्ञांची आहे. त्यांना प्रत्येक अनुवादक आपापला शब्द लावतो आणि एकाच विद्यार्थ्याच्या हाती एका वस्तूची तीन नावे पडतात. सोबत 46 संज्ञांची यादी जोडली आहे. त्यांतल्या ज्या चुकल्यास अर्थच उलटतो, त्यांबद्दल इथे सविस्तर लिहिते.

सर्वांत तातडीची संज्ञा 'थर्मल रनअवे'. लिथियम-आयन सेल एका मर्यादेपलीकडे तापला की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता सोडू लागतात. त्या उष्णतेने क्रियांचा वेग आणखी वाढतो आणि बाहेरचा पुरवठा तोडला तरी तापमान चढतच राहते. यासाठी 'औष्णिक पलायन' हा शब्द माझ्या वाचनात आला आहे. मराठी वाचकाला त्यातून उष्णता पळून गेली, म्हणजे सेल निवला, असे वाटेल. सुरक्षा सूचनेत हा घोळ परवडणारा नाही. 'तापभडका' सुचला होता, पण प्रत्येक वेळी ज्वाला दिसतेच असे नाही. कधी फक्त वायू आणि धूर बाहेर पडतो, आणि ज्वाला नाही म्हणून माणूस जवळ जातो. माझे दोन प्रस्ताव : 'तापउधाण' आणि 'अनिर्बंध तापवाढ'. पहिला लक्षात राहतो, दुसरा स्वतःच अर्थ सांगतो. सूचनाफलकावर दुसराच हवा असे माझे मत आहे.

बॅटरीच्याच प्रकरणात 'स्टेट ऑफ चार्ज' आणि 'स्टेट ऑफ हेल्थ' ही जोडी येते. नवी असताना 40 किलोवॉट-तास साठवणारी बॅटरी आज पूर्ण भरल्यावर 34 साठवत असेल, तर दुसरे मान 85 टक्के. त्याच बॅटरीत या क्षणी 17 किलोवॉट-तास असतील तर पहिले मान 50 टक्के. दुसऱ्यासाठी 'शेष क्षमता' लिहिले की वाचक ते पहिल्याचेच मान समजतो, कारण 'शेष' म्हटले की टाकीत उरलेले इंधन डोळ्यांसमोर येते. शालेय विज्ञानात 'प्रभार' रुळलेला आहे, म्हणून पहिल्यासाठी 'प्रभारपातळी' आणि दुसऱ्यासाठी 'बॅटरी-सुस्थिती' सुचवते. 'भार' मात्र लोडसाठीच राखावा. 'बॅटरीचा भार 50 टक्के' हे वाक्य चार्जबद्दल आहे की लोडबद्दल, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

'सेफ्टी' आणि 'सिक्युरिटी' या दोन्हींना आज सर्रास 'सुरक्षा' लिहिले जाते. रोबोच्या कुंपणाचे दार उघडताच हात थांबणे ही सेफ्टी. बाहेरच्या कुणी संगणकीय जाळ्यात शिरून त्या हाताचा प्रोग्रॅम बदलू नये ही सिक्युरिटी. एकाच परिच्छेदात दोन्ही आल्या की मूळ मजकूर शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही. पहिलीला 'सुरक्षितता' आणि दुसरीला 'सुरक्षा' असा भेद संचालनालयाने ठरवून द्यावा. शब्द नवे नाहीत, वाटणी तेवढी हवी आहे. ती ठरली की वर मी 'सुरक्षा सूचना' लिहिले तेही दुरुस्त करावे लागेल!

'फॉल्ट', 'एरर' आणि 'फेल्युअर' हे त्रिकूटही असेच वाटून द्यावे लागेल. तापमापक सेन्सरच्या तारेचे वेष्टन घासले, हा फॉल्ट. त्यामुळे 65 अंशांऐवजी 40 अंश वाचले गेले, हा एरर. म्हणून शीतकरणाचा पंप सुरूच झाला नाही, हे फेल्युअर. अनुक्रमे 'दोष', 'त्रुटी', 'बिघाड' असे मी वापरते आहे. पण दुसऱ्या अनुवादकाने 'दोष' आणि 'बिघाड' यांची अदलाबदल केली तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हेच कळेनासे होईल.

रोबोंत 'कोबॉट'ला 'सहकारी रोबो' असे एका मसुद्यात दिसले. महाराष्ट्रात 'सहकारी' म्हटले की साखर कारखाना आणि पतसंस्था आठवते. 'सहयोगी रोबो' बरा. 'एण्ड इफेक्टर' म्हणजे हाताच्या टोकाला जोडलेले कामाचे साधन, मग ते पकडणारे असो, वेल्डिंगचे असो वा रंगाची फवारणी करणारे. त्याला 'हस्ताग्र' सुचवते. 'पकड' घेता येणार नाही, तो त्यातला फक्त एक प्रकार.

त्रिमितीय छपाईत 'इन्फिल'साठी 'भराव' पटकन सुचतो, पण स्थापत्यात भराव म्हणजे रस्त्याखाली किंवा धरणात टाकलेली माती. शिवाय '20 टक्के भराव' वाचून वस्तू तळापासून पाचवा हिस्सा भरीव आणि वर पोकळ, असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात आत सर्वत्र विरळ जाळी असते, म्हणून 'जाळीभरण'. 'वॉर्पिंग'ला सुतारकामातला 'वाक' चालावा : खालचे थर निवताना आकसतात आणि कोपरे तबकडीवरून उचलले जातात.

'डिजिटल ट्विन'बाबत एक अट. यंत्राची संगणकातली निव्वळ प्रतिकृती, यंत्राकडून आपोआप माहिती घेणारी 'डिजिटल शॅडो' आणि माहितीची दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण करणारे 'डिजिटल ट्विन' या तिन्हींची नावे एकदमच ठरावीत. 'अंकीय प्रतिकृती', 'अंकीय छाया', 'अंकीय जुळे' असा संच मी धरला आहे. एकट्या ट्विनला 'प्रतिरूप' दिले तर सिम्युलेशनच्या 'प्रतिरूपणा'शी टक्कर होते.

पर्याय कळवताना प्रत्येक संज्ञेचे लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूपही द्यावे, ही विनंती. 'संवेदक' घेतला तर 'संवेदकाचा', 'सेन्सर' ठेवला तर 'सेन्सरचा' की 'सेन्सराचा', हा प्रश्न पानापानावर येतो. बॅटरी, सेन्सर, सर्व्हो हे शब्द कार्यशाळेत पक्के बसले आहेत. ते तसेच ठेवण्यास मान्यता मिळाली तर तसे स्पष्ट कळवावे, म्हणजे संपादक ते बदलणार नाहीत. वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचा पर्याय आणि मराठीत रुळलेला शब्द वेगळे असतील तिथे कोणता धरायचा, तेही सांगावे.

हस्तलिखित 31 मार्च 2026 रोजी छपाईला जाणार आहे. संपूर्ण यादीवर तोवर निर्णय शक्य नसेल तर यादीतल्या पहिल्या 12 संज्ञांना, ज्यांत वरील सुरक्षाविषयक सर्व संज्ञा आहेत, तात्पुरती मान्यता 28 फेब्रुवारीपर्यंत द्यावी. उरलेल्या संज्ञा पुस्तकात 'प्रस्तावित' अशा खुणेसह छापू आणि पुढच्या आवृत्तीत बदलू. समितीला विषयतज्ज्ञाशी बोलायचे असल्यास पुस्तकाचे तांत्रिक संपादक बैठकीला येण्यास तयार आहेत.

आपली विश्वासू,
मी. श्री. जोगळेकर
तांत्रिक अनुवादक (इंग्रजी–मराठी)

सोबत :
1. 46 संज्ञांची यादी : व्याख्या, वापराचे एक वाक्य, प्रस्तावित पर्याय, नाकारलेले पर्याय व कारण
2. तिन्ही प्रकरणांतील नमुना पाने