मंदार, तुझा मेल मी पुन्हा लिहिलाय

मंदार,

पुण्याच्या मिठाईवाल्यांना आपले काजू विकण्यासाठी लिहिलेला तुझा मसुदा वाचला. मराठी छान आहे, चूक एकही नाही, आणि तरीही माझ्या ऑफिसात असा मेल आला असता तर मी दुसऱ्या परिच्छेदाच्या पुढे गेले नसते. नऊ वर्षं खरेदी विभागात आहे, रोज असे पाच-सहा येतात. रागावू नकोस. आधी तुझाच मेल खाली ठेवते, त्यांची खरेदी बघणाऱ्याच्या खुर्चीत बसून एकदा वाच.

तुझा मसुदा

विषय: व्यावसायिक भागीदारीबाबत प्रस्ताव व परिचय

माननीय महोदय/महोदया,

सविनय नमस्कार. आम्ही वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग येथील एक अग्रगण्य काजू प्रक्रिया उद्योग असून आमच्या आजोबांनी 1978 साली एका छोट्याशा पडवीत चार महिलांना सोबत घेऊन या व्यवसायाचे बीज रोवले. आज त्या रोपट्याचा वटवृक्ष झाला असून आमच्याकडे 26 महिला काम करतात. आमच्या वडिलांनी 1999 मध्ये पहिला बॉयलर बसवला. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर असून 6 वर्षे पुण्यात नोकरी केल्यानंतर मातीच्या ओढीने गावी परतलो व 2021 पासून आमच्या कारखान्याची धुरा सांभाळत आहे.

आम्ही बी उकडणे, फोडणे, सुकवणे, सोलणे, प्रतवारी व पॅकिंग ही सर्व कामे आमच्याच कारखान्यात करतो. आमच्याकडे डब्ल्यू 180, डब्ल्यू 210, डब्ल्यू 240, डब्ल्यू 320, पाकळी, तुकडा, खारे, मसाला, काळी मिरी, चीज, पेरी-पेरी व सालीसकट भाजलेले काजू उपलब्ध आहेत. गुणवत्तेशी तडजोड न करणे हेच आमचे ब्रीद असून ग्राहकांचे समाधान हीच आमची संपत्ती आहे. आमचा परवाना, तपासणी अहवाल, दरपत्रक, माहितीपुस्तिका व कारखान्याची 14 छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

येत्या 5 वर्षांत महाराष्ट्रातील सर्व प्रमुख शहरांत पोहोचण्याचे आमचे स्वप्न आहे. या प्रवासात आपल्यासारख्या नामांकित मिठाई व्यावसायिकांनी आम्हाला साथ द्यावी, ही नम्र विनंती. परस्परांच्या फायद्याची दीर्घकालीन भागीदारी करण्यास आम्ही उत्सुक आहोत. आपल्या सोयीने एक तासाची बैठक दिल्यास आम्ही सविस्तर सादरीकरण करू.

कळावे, लोभ असावा.

मोजलंस? ‘आम्ही-आमचे’ पंधरा वेळा. ‘आपल्या’ दोनदा, त्यातलं एक त्यांचा तास मागायला. हाच मेल नाव न बदलता नागपूरच्या हलवायालाही चालेल आणि मुंबईच्या हॉटेललाही. तुला त्यांच्या दुकानाबद्दल काहीच माहीत नव्हतं, म्हणून सगळी जागा स्वतःनेच भरलीस.

म्हणून शनिवारी संध्याकाळी मीच त्यांच्या कोथरूडच्या दुकानात जाऊन आले. सुकामेव्याचं कपाट एकच. त्यात काजू तीन प्रकारचे: साधे, खारे, मसाला. मी पाव किलो काजूकतली तोलून घेत होते तेवढ्यात एका काकांनी विचारलं, “ते सालवाले, कोकणातले, आहेत का?” काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “नाही येत आपल्याकडे.” काका काही न घेता गेले. तुझ्या यादीत सालवाले अगदी शेवटी आहेत बघ, पेरी-पेरीच्याही मागे!

त्या मुलालाच विचारलं, खरेदी कोण बघतं. कुलकर्णी मॅडम. मेलचा पत्ता त्याने माझ्या पावतीच्या मागे लिहून दिला, तो तुला व्हॉट्सअ‍ॅप करते. ‘महोदय/महोदया’ची गरज उरली नाही.

आता हा पाठव

विषय: सालवाले काजू: कोथरूडच्या दुकानात महिनाभर 100 पाकिटं ठेवून बघाल का?

नमस्कार कुलकर्णी मॅडम,

गेल्या शनिवारी माझी बहीण तुमच्या कोथरूडच्या दुकानात आली होती. तिच्यासमोर एका गिऱ्हाइकाने कोकणातले सालवाले काजू मागितले आणि नाहीत म्हटल्यावर ते तसेच परत गेले. आम्ही पाहिलं ते एकदाच. असं किती वेळा होतं, हे तुमच्या काउंटरवरच्या लोकांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

वेंगुर्ल्यात आमचा काजूचा कारखाना आहे. बी सिंधुदुर्गातलीच, मार्च ते मेमध्ये घेतलेली. सालवाले काजू ऑर्डर आल्यावरच भाजतो, त्यामुळे माल दुकानात पोचेल तेव्हा भाजून चार दिवसांहून जास्त झालेले नसतील.

200 ग्रॅमची 100 पाकिटं एका दुकानात महिनाभर ठेवून बघावीत, असं सुचवतो. छापील किंमत 280 रुपये, तुम्हाला 215 रुपयांना. महिनाअखेरीस विकलेल्या पाकिटांचेच पैसे द्या, उरलेली आम्ही आमच्या खर्चाने परत नेऊ. दिवाळीची खरेदी ठरवण्याआधी तुमच्या हातात स्वतःच्या दुकानातले आकडे असावेत, म्हणून आत्ता लिहितो आहे.

येत्या रविवारी चवीसाठी तीन पाकिटं दुकानात आणून दिली तर चालेल का? उत्तरात नुसतं ‘हो’ पुरे. नको असतील तर तसं कळवा, पुन्हा त्रास देणार नाही. परवाना आणि तपासणीचे कागद तयार आहेत, म्हणाल तेव्हा पाठवतो.

मंदार सावंत
वेंगुर्ले, सिंधुदुर्ग

आजोबांची पडवी काढताना माझाही हात थांबला. ते माझेही आजोबा, त्या पडवीत मीही बोटं काळी करून घेतलीत. पण ओळखही नसलेल्या बाईला पहिल्याच मेलमध्ये घराण्याचा इतिहास कशाला? पाकिटाच्या मागच्या बाजूला दोन ओळी छाप. काजू आवडले तर त्या वाचतील. 26 बायकांचंही तसंच, समोर भेट झाली की सांग, तिथे ते शोभेल. तुझ्या इंजिनिअरिंगचं मात्र कुठेच सांगू नकोस, काजूची चव त्याने बदलत नाही.

‘माझी बहीण’च्या जागी ‘आमच्या एका ग्राहकाने सांगितले’ असं काही करू नकोस. त्यांनी फोनवर विचारलं तर तुला नीट सांगता आलं पाहिजे. चौदा फोटोंचं काय करायचं ते तुला कळलं असेलच.

चार दिवसांचं मी तुझ्या मागच्या पार्सलवरून लिहिलंय: सोमवारी भाजलेले, बुधवारी रात्री ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकलेले, गुरुवारी सकाळी माझ्या दारात. पावसात रस्ता बंद पडला तर जमणार आहे का? नसेल तर सहा लिही, पण जे लिहिशील ते पाळ. आणि 215 परवडतात का ते काकांना विचार, तू स्वतःच्या मनाने हिशोब करतोस तेव्हा पॅकिंगचा खर्च विसरतोस.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास पाठव. रविवारची तीन पाकिटं मी नेऊन देईन, त्यासाठी पुण्याला येऊ नकोस. मीठ मात्र या वेळी हात आखडून घाल. गेल्या खेपेचे इतके खारट होते की तुझ्या भावोजींनी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन खाल्ले.

— ताई