घरावर दुसरा मजला न चढवण्याबाबत

दिनांक: 12 फेब्रुवारी 2024

प्रति,
श्री. वसंतराव देवधर व कुटुंबीय,
पंचवटी, नाशिक

विषय: राहत्या घरावर दुसरा मजला बांधण्याबाबत तांत्रिक अभिप्राय

सप्रेम नमस्कार,

आपण सांगितल्याप्रमाणे घराची पाहणी, पायाजवळचे दोन खड्डे, विटांची चाचणी आणि स्लॅबची तपासणी पूर्ण झाली. निष्कर्ष आधी सांगतो: या घरावर आणखी मजला चढवू नये. परवानगीच्या अर्जासोबत लागणाऱ्या दाखल्यावर मी सही करू शकत नाही. धाकट्या चिरंजीवांच्या संसारासाठी जागा हवी आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून कारणे आकड्यांसकट देतो. दुसऱ्या कोणा इंजिनिअरला दाखवायचे असेल तर हेच पत्र अवश्य दाखवा.

घर भिंतींवर उभे आहे, त्यात एकही कॉलम नाही. तळमजला 1968 चा, चुन्यात बांधलेला. पहिला मजला 1987 चा, सिमेंटमधला. म्हणजे मजबूत माल वर आणि कमजोर माल खाली, असा उलटा प्रकार आहे. सगळ्यात जास्त भार हॉल आणि मधल्या खोलीमधल्या 9 इंची भिंतीवर येतो, कारण दोन्ही बाजूंचे स्लॅब तिच्यावरच टेकतात. या भिंतीच्या एक मीटर लांबीवर आज सुमारे 7.7 टन भार आहे: दोन मजल्यांची भिंत 3.1 टन, मधला स्लॅब लाद्या आणि वापराच्या भारासह 2.25 टन, गच्ची कोब्यासकट 2.3 टन. 23 सें.मी. जाडीवर हा ताण चौरस सेंटीमीटरला 3.3 किलो होतो. काढलेल्या विटांची ताकद सरासरी 42 किलो आली. अशा विटा चुन्यात बसवल्या आणि भिंतीच्या उंचीसाठी कपात केली, की IS 1905 या विटकामाच्या मानकाप्रमाणे सुमारे 2.7 किलोच ताण चालतो. नवा मजला चढला तर तो 5 किलोवर जाईल.

आजच मर्यादा ओलांडली आहे, तरी घर उभे कसे, असे आपण विचारालच. चालणाऱ्या ताणाच्या मर्यादेत सुरक्षिततेची राखीव ताकद धरलेली असते. गेली 37 वर्षे आपण ती राखीव वापरत आहात. भिंतीत ओल मुरली, चुना भुसभुशीत झाला किंवा पाया थोडा खचला, तर तीच कामी येते. तिच्यातून आणखी एक मजला काढता येणार नाही.

पायाचे म्हणाल तर गोष्ट आणखी अवघड आहे. मधल्या खोलीतल्या खड्ड्यात दगडी पाया 1.2 मीटरवर संपला, तोही काळ्या मातीत. मुरूम लागला 1.9 मीटरवर. पायाची रुंदी 75 सें.मी. आहे. पायाच्या दगडाचे वजन धरून मातीवर आज चौरस मीटरला सुमारे 13.5 टन भार येतो. प्रयोगशाळेने या मातीला 12 टन दिले आहेत. नवा मजला धरला तर आकडा 18 च्या पुढे जातो. शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आग्नेय कोपऱ्यातल्या खिडकीच्या कोनातून तिरकी गेलेली चीर त्याचीच खूण आहे. ती मे महिन्यात रुंदावते आणि श्रावणात मिटल्यासारखी दिसते, हे वहिनींनी आपणहून सांगितले, आणि त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. दरवर्षी पुट्टी भरून उपयोग नाही. त्याच कोपऱ्यात न्हाणीघराचा चेंबर गळतो आहे, तो आधी दुरुस्त करा.

माझ्या दृष्टीने सगळ्यात काळजीची जागा वेगळीच आहे. 2009 मध्ये हॉल मोठा करताना मधल्या भिंतीचा तीन मीटरचा भाग काढून दोन 8 इंची लोखंडी जॉइस्ट टाकले आहेत. जॉइस्ट पुरेसे आहेत, पण त्यांची टोके थेट चुन्यातल्या विटांवर टेकली आहेत, खाली काँक्रीटचा ठोकळा नाही. प्रत्येक टोकाला सुमारे 9 टन भार जेमतेम 23 बाय 20 सें.मी. जागेवर येतो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला 20 किलो. अशा ठिकाणी चालतात फार तर 4. स्वयंपाकघराच्या बाजूचे प्लास्टर काढल्यावर टोकाखालच्या तीन थरांतल्या विटा उभ्या फुटलेल्या दिसल्या. चुन्याची पूड बोटाने निघत होती. प्लास्टर शाबूत असल्यामुळे हे बाहेरून दिसले नाही.

गच्चीच्या स्लॅबचा उपयोग वरच्या मजल्याची जमीन म्हणून करता येणार नाही. न्हाणीघरावरच्या भागात काँक्रीटचे आवरण 10 मि.मी.च आहे. फेनॉल्फ्थॅलिन लावल्यावर गुलाबी रंग आला नाही, म्हणजे सळयांना गंजापासून वाचवणारा अल्कधर्म तिथे उरलेला नाही. 8 मि.मी.ची सळई गंज खरवडल्यावर 6.6 मि.मी. भरली. काटछेदात ही जवळजवळ एक तृतीयांश घट आहे.

भूकंपाचाही विचार करावा लागतो. IS 1893 या भूकंपविषयक मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या विभागात आहे. घराला जोत्याला, लिंटेलला वा छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा नाही, त्यामुळे हादऱ्यात भिंती कोपऱ्यांत एकमेकींपासून सुटतात. वजन जितके उंचावर, तितका आडवा जोर जास्त. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी परिसरात बिनबांधणीच्या जड भिंतींनी काय केले ते आपण पाहिले आहे, आणि तो भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात होता.

कंत्राटदाराने सुचवलेले दोन उपायही तपासले. बाहेरून कॉलम घेऊन वर स्वतंत्र मजला उभारायचा, तर कॉलमचे खड्डे मुरमापर्यंत, म्हणजे जुन्या पायापेक्षा 70 सें.मी. खोल जातील. जुन्या पायाला लागून असे खणले तर त्याखालची माती सरकते, आणि दोन्ही बाजूंना तेवढी अंतराची जागाही नाही. दुसरा उपाय लोखंडी सांगाडा आणि पत्र्याचा. वजन कमी हे खरे, पण खांबांचा भार बिंदूवर येतो आणि तो गंजलेल्या स्लॅबला झेपणार नाही. वाऱ्याने पत्रा उचलला जाऊ नये म्हणून लागणारे बोल्ट धरायला खाली भक्कम काँक्रीटही नाही. भिंतींना काँक्रीटचे जॅकेट केले, तरी पाया तोच राहतो.

आता करायचे ते. जॉइस्टच्या दोन्ही टोकांखाली या आठवड्यातच लोखंडी टेकू लावा, पण ते नुसत्या फरशीवर नकोत, खाली जाड लाकडी फळ्या टाका. गच्चीवरची 2000 लिटरची टाकी रिकामी करून उतरवा, ते दोन टन वजन नेमके कमजोर स्लॅबच्या मधोमध आहे. टेकू लागल्यावर एका वेळी एकच टोक उघडून फुटक्या विटा काढायच्या आणि ताण 4 किलोच्या आत येईल इतका लांब काँक्रीटचा ठोकळा बसवायचा. दुसऱ्या टोकाला हात लावण्याआधी किमान सात दिवस थांबायचे. स्लॅबचा गंजलेला भाग सळईच्या मागेपर्यंत फोडून, गंज साफ करून, जिथे घट जास्त तिथे जोडसळई देऊन मायक्रोकाँक्रीट भरावे. नुसते प्लास्टर मारले तर दोन पावसाळ्यांत पुन्हा पडेल.

जागेसाठी दोन रस्ते आहेत. मागच्या परसात 4 बाय 5 मीटरची स्वतंत्र खोली होईल. पाया मुरमावर घ्यायचा, जुन्या भिंतीपासून निदान दीड मीटर लांब, आणि घराला जोडायचे ते फक्त हलक्या पत्र्याच्या पडवीने. किंवा पूर्ण घर उतरवून कॉलम-बीमचे नवे बांधकाम करायचे. त्यात हवे तेवढे मजले पायापासूनच धरता येतील. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण दुरुस्ती नीट झाली आणि वर भार वाढला नाही, तर आज आहे ते घर वापरायला हरकत नाही.

टेकूंच्या जागांचा आराखडा सोबत जोडला आहे. मिस्त्री काम सुरू करतील त्या दिवशी कळवा, मी स्वतः हजर राहीन.

आपला,
अ. वि. सोनवणे
स्ट्रक्चरल इंजिनिअर, नाशिक