BOM T2, BLR T1

परभणीहून रात्री निघालेली गाडी दादरला ७:२५ ला लागली. भाचा गजानन फलाटावर उभाच होता. सुमनबाईंच्या हातात खांद्याची पिशवी आणि भाच्याच्या डोक्यावर मोठी बॅग, असं करत दोघं लोकलनं विलेपार्ल्याला उतरले आणि पूर्वेकडून रिक्षा केली. बंगळुरूचं विमान ९:४० चं. लेकीचे दिवस भरत आले होते. मोठ्या बॅगेत पाच किलो ज्वारीचं पीठ, उडदाची डाळ, तुपाची बरणी आणि डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता. वाण्याच्या काट्यावर बॅग चौदा किलो भरली होती. पंधराची मुभा, त्यामुळं त्या निवांत होत्या.

टी-वनच्या दारापुढची रांग सरकत सरकत ८:२२ ला त्यांचा नंबर आला. सीआयएसएफच्या जवानानं आधार कार्ड पाहिलं, मोबाइलवरचं तिकीट पाहिलं आणि मोबाइल परत केला. "माताजी, ये फ्लाइट टी-टू से है."

"अहो, तिकिटावर टी-वन लिहिलंय की," गजानन म्हणाला.

जवानानं स्क्रीनवर बोट ठेवलं. तिथं एकाच ओळीत `BOM T2` आणि `BLR T1` असं होतं. गजाननला जो टी-वन दिसला होता, तो बंगळुरूला उतरायचा होता. मुंबईतून निघायचा टर्मिनल त्या ओळीत डावीकडं. तीन वर्षांपूर्वी तो स्वतः इथूनच दिल्लीला गेला होता, म्हणून त्यानं जास्त काही बघितलं नाही. देशातलं विमान म्हणजे सांताक्रूझ आणि परदेशातलं म्हणजे सहार, हा मुंबईचा जुना हिशोब अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. आता टी-टू वरून देशातलीही ढीगभर विमानं सुटतात, आणि एकाच कंपनीचं सकाळचं विमान एका टर्मिनलवरून तर दुपारचं दुसऱ्यावरून असू शकतं. कंपनीचं नाव पाहून टर्मिनल ठरवता येत नाही.

धावपट्ट्या दोन्ही टर्मिनलना त्याच. पण बाहेरून आलेल्या प्रवाशाला एका टर्मिनलमधून दुसऱ्यात आतून जाता येत नाही, बाहेर पडून चार-पाच किलोमीटरचा वळसा घालावाच लागतो.

"टॅक्सी करू का आत्या?"

"किती वेळ लागंल?"

सकाळचे साडेआठ आणि समोर हायवे. मोकळा असला तर पंधरा मिनिटं, तुंबला तर चाळीस, आणि त्या वेळेला तो तुंबलेलाच असतो. रांगेतल्या एका बाईंनी मागून सांगितलं, "मेट्रोनं जा. खालून जाते, इथून दुसरं स्टेशन." अॅक्वा लाइनवर टी-वन, मग सहार रोड, मग टी-टू. भुयारातली असल्यानं तिला रस्त्यावरचा सिग्नल नाही की गर्दीतला ट्रक नाही.

तरी खरा अडसर बॅग होती. विमान ९:४० ला सुटणार असलं तरी सामान घेणारा काउंटर तासभर आधी, म्हणजे ८:४० ला बंद होणार होता, आणि ते आता कुठल्याच रस्त्यानं जमणारं नव्हतं. गेट मात्र पंचवीस मिनिटं आधी, ९:१५ ला बंद होतं. बोर्डिंग पास लेकीनं रात्रीच काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. म्हणजे मोठी बॅग सोडली, तर हातात पस्तीस मिनिटं जास्तीची येत होती.

सुमनबाईंनी तिथंच फूटपाथवर बैठक मारली आणि बॅगेची चेन ओढली. "पीठ तुझ्याकडं राहू दे. तूपबी." लाडवांचा डबा, बाळाची दुपटी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कापडी चंची खांद्याच्या पिशवीत गेली. केबिनमध्ये सात किलो चालतं. पिशवी गजाननानं हातानं तोलून पाहिली, पाच-सहा भरेल असं वाटलं. पातळ तूप केबिनच्या तपासणीत अडकलं असतं, त्यामुळं बरणी राहिली तेच योग्य झालं. घाईत चंची मात्र उघडून पाहिली नाही.

८:२८ ला दोघं निघाले. स्टेशनात शिरतानाही सामान यंत्रातून जातं, त्यात मोठ्या बॅगेला थांबावं लागलं. तिकीट काढून फलाटावर आले तेव्हा ८:३८ झाले होते. दोन मिनिटांत गाडी आली. दार बंद होताना गजाननानं घड्याळ पाहिलं: ८:४०. सामानाचा काउंटर बंद झाला असणार.

"आत्या, तुम्ही बसा."

"बसून काय करू? उतरायलाच यायलंय की."

८:४६ ला टी-टू. तिथं मेट्रो फार खोल आहे, एकामागून एक सरकते जिने चढावे लागतात. वर आल्यावर लिफ्टनं चौथा मजला, कारण टी-टूची प्रस्थानं तिथून असतात. पहिल्यांदा येणारा माणूस हमखास खालच्या मजल्यावर, उतरून येणाऱ्यांच्या गर्दीत घोटाळतो. गजाननानं भिंतीवरचा चार आकडा धरूनच वाट काढली.

८:५८ ला दारावर. इथून पुढं भाच्याला जाता येत नव्हतं. "आत गेल्यावर पहिलं म्हणा, नऊ-चाळीसचं विमान आहे, गेट बंद व्हायलंय. लाजू नका, पुढं सोडतात." सुमनबाई आत गेल्या आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेपाशी उभ्या असलेल्या गणवेशातल्या मुलीला तसंच म्हणाल्या. तिनं बोर्डिंग पासवरची वेळ पाहिली आणि त्यांना बाजूनं पुढं नेलं.

ट्रे यंत्रात गेला आणि तिथंच थांबला. महिला जवानानं आधी डबा उघडायला सांगितला. स्टीलच्या भरलेल्या डब्यात काय आहे ते पडद्यावर नीट कळत नाही. लाडू पाहून तिनं झाकण लावलं आणि मग चंचीला हात घातला. चुना, कात, सुपारी, आणि खाली पितळी अडकित्ता. मोठ्या बॅगेत असता तर विमानाच्या पोटात बिनबोभाट गेला असता. केबिनमध्ये धारेची वस्तू जात नाही.

"बाहर किसी को देना है?"

बाहेर गजानन होता. पण बाहेर जाऊन परत आत यायचं म्हणजे रांग आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून. घड्याळात ९:०५. सासूबाईंचा अडकित्ता, मुठीच्या जागी गुळगुळीत झालेला. सुमनबाईंनी तो एकदा मुठीत धरला, मिटला आणि ट्रेमध्ये ठेवला. "ठेवा बाई."

पुढं दुकानांची लांब वाट आणि वर मोरपिसाऱ्यासारखं छत. बोर्डिंगची पुकार माइकवरून होत नाही, पडद्यावर पाहावं लागतं. त्यांच्या विमानासमोर शेवटचं बोलावणं लाल अक्षरांत होतं आणि गेट अगदी टोकाला. सरकत्या पट्ट्यावर लोक उभे होते. सुमनबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, पिशवी पोटाशी धरली आणि पट्ट्याच्या कडेनं साध्या फरशीवरून पळत निघाल्या, कारण उभ्या माणसांच्या मागं अडकण्यापेक्षा ते लवकर होतं. समोरून एक मुलगा "बंगळुरू, बंगळुरू" असं ओरडत येत होता. त्यांनी लांबूनच हात वर केला.

"हाय, मी हाय!"

९:१३ ला पास स्कॅन झाला. त्यांच्यामागून आणखी एकजण आला आणि दोरी लागली.

खिडकीजवळच्या सीटवर बसून त्यांनी पहिला फोन भाच्याला लावला. "बसले रे बाबा. पीठ ठेवून खराब करू नको, भाकरी करा. आणि गजा, परत येताना टी-टूलाच उतरंल का, ते आधी नीट बघून ठेव."