22 जूनपासून बिलं आणि तक्रारी नव्या सपोर्ट पोर्टलवर

सप्रेम नमस्कार,

आपल्या ऑफिसकडून जीएसटीचं काम करून घेणाऱ्या सर्वांसाठी ऑनलाइन सपोर्ट पोर्टल तयार झालं आहे. सोमवार, 22 जून 2026 पासून बिलं, नोटिसा आणि शंका सगळं तिथेच पाठवायचं. मे महिन्याचं जीएसटीआर-3बी 20 जूनपर्यंत भरायचं असतं, म्हणून बदल मुद्दाम त्यानंतर ठेवला आहे. मेचं काम जुन्याच पद्धतीने पूर्ण होईल. जूनची बिलं मात्र पोर्टलवरच टाका, आणि ती 5 जुलैपर्यंत आली तर 11 तारखेचं जीएसटीआर-1 घाई न होता भरता येईल.

व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस ज्याच्या फोनवर आली त्यालाच दिसते. एएसएमटी-10 सारख्या नोटिशीला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तिथे एकेक दिवस मोलाचा. पोर्टलवर ती टाकलीत की संपूर्ण ऑफिसला दिसते, तक्रार क्रमांक मिळतो आणि काम कुठवर आलं ते तुम्हालाही कळतं.

सुरुवात अशी करा. 15 जूनला आपल्या ऑफिसच्या ईमेलवरून लिंक येईल, ती उघडा. ‘पहिल्यांदा लॉगिन’वर टिचकी मारून जीएसटी क्रमांक टाका. आमच्याकडे नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो भरा आणि स्वतःचा पासवर्ड ठरवा. मग ‘नवीन विनंती’त जाऊन विषय निवडा, बिलाचा फोटो किंवा पीडीएफ जोडा, पाठवा. बस्स.

लॉगिन अडलं तर आधी जीएसटी क्रमांक नीट पाहा. 15 अक्षरी क्रमांकात सुरुवातीच्या 27 नंतरची पाच इंग्रजी अक्षरं असतात, त्यामुळे तिथे गोल दिसलं तर ते ‘ओ’च. त्यापुढचे चार अंक, तिथे शून्यच. पासवर्ड विसरलात तर ‘पासवर्ड विसरलो’ दाबा, नवा ओटीपी येईल. मोबाईल नंबर बदलला असेल तर 19 जूनच्या आत ऑफिसला कळवा, नाहीतर ओटीपी जुन्या नंबरवर जाईल.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: हे सरकारी जीएसटी पोर्टल नाही. तिथला पासवर्ड इथे टाकू नका. ओटीपी आमच्यापैकी कुणीही फोनवर मागणार नाही. मागितला तर फोन ठेवा आणि ऑफिसच्या लँडलाइनवर लगेच कळवा.

दुकानाचा हिशेब मुलगा, सून किंवा मुनीम पाहत असेल, तर त्यांच्यासाठी वेगळं लॉगिन काढून देऊ. स्वतःचा पासवर्ड त्यांना देऊ नका.

ज्यांना मोबाईलवर हे जमवणं अवघड वाटतं त्यांनी 17 ते 19 जून, दुपारी 3 ते 6 या वेळात फोन घेऊन ऑफिसला यावं. शेजारी बसून पहिलं बिल तुमच्याच हातून चढवून घेऊ.

आपले,
कर सल्लागार कार्यालय, सपोर्ट विभाग